सॅटर्न रिटर्न आणि आत्याची साडेसाती

प्रश्न : ‘पुण्याला नोकरी करणारी माझी मावसबहीण म्हणते, माझा सॅटर्न रिटर्न चालू आहे म्हणून आमचं फाटलं. तिच्याच वयाच्या मैत्रिणीचा साखरपुडा झाला, तर तीही म्हणते सॅटर्न रिटर्न! महालातली आमची आत्या म्हणते, अगं ही साडेसातीच, इंग्रजीत सांगून राहिल्या पोरी. खरं काय? याला मराठीत काय म्हणायचं?’ (नागपूर)

आत्याबाईंचा ग्रह बरोबर आहे, मोजणी चुकते. साडेसाती मोजतात जन्मराशीपासून, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता तिथून. शनी त्या राशीच्या मागच्या राशीत आला की साडेसाती लागते आणि पुढची रास ओलांडली की सुटते. एका राशीला अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. सॅटर्न रिटर्नमध्ये चंद्र कुठे येतच नाही. जन्मवेळी शनी ज्या अंशावर होता, त्याच अंशावर तो फिरून आला की झाला रिटर्न. शनीची सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे २९.४६ वर्षांची, म्हणून हा योग प्रत्येकाच्याच वाट्याला एकोणतिशी-तिशीच्या आगेमागे येतो. साडेसातीचं तसं नाही. ती कुणाला शाळेत असताना लागते, कुणाला चाळिशीत, आणि कुणी तर तिच्यातच जन्माला येतो.

मराठी ज्योतिषी याला ‘शनीचं जन्मशनीवरून भ्रमण’ म्हणतात. बोलताना ‘गोचरीचा शनी मूळ शनीवर आलाय’ असंही म्हणतात. आटोपशीर नाव हवं असेल तर मी ‘शनीचं आवर्तन’ म्हणेन. ‘शनीचा परतावा’ नको, परतावा इन्कमटॅक्सचा असतो. ‘शनीचा फेरा’ कानाला गोड लागतो खरा, पण मराठीत माणूस फेऱ्यात सापडतो, आणि मग भीती आधीच आत शिरते.

एक पत्रिका मांडून बघू, म्हणजे दोन्ही मोजण्या वेगळ्या दिसतील. समजा एक मुलगी १५ एप्रिल १९९७ ला दुपारी साडेबाराला नागपुरात जन्मली. तिचं जन्मलग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, कर्क, चंद्र कर्केतच पुष्य नक्षत्रात, आणि शनी नवम स्थानी मीनेत साधारण अठरा अंशांवर, रेवतीत. कर्क राशीची साडेसाती म्हणजे मिथुन, कर्क आणि सिंह या राशींतला शनी. तो काळ होता २००२ ते २००९, म्हणजे ती पाच वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत. पुढची साडेसाती २०३२ मध्ये शनी मिथुनेत गेल्यावर. मधे २०२३ ते २०२५ शनी कुंभेत असताना तिला अष्टम शनी होता, ज्याला काही घरांत अडीचकी म्हणतात, तोही मार्च २०२५ मध्ये संपला. थोडक्यात, आवर्तनाच्या काळात आत्याच्या हिशेबाने या मुलीला शनीचा काहीच त्रास नाही.

आता आवर्तन. शनी मीनेच्या अठरा अंशांवर पहिल्यांदा येतो मे २०२६ च्या अखेरीस. जुलैअखेर तो वक्री होतो आणि मागे सरकत सप्टेंबरच्या उत्तरार्धात पुन्हा त्याच अंशावर येतो. डिसेंबरात मार्गी होतो आणि फेब्रुवारी २०२७ च्या उत्तरार्धात तिसऱ्यांदा तिथून जातो. म्हणजे एकोणतिसावं सरल्यानंतर जेमतेम महिना-दीड महिन्याने सुरुवात, आणि तिसावं सरायला दोन महिने उरले असताना शेवट. शनी काही खरोखर उलटा फिरत नाही. पृथ्वी आतल्या, लहान कक्षेतून त्याच्या पुढे निघून जाते, तेव्हा तो मागे गेल्यासारखा दिसतो, दरवर्षी सुमारे साडेचार महिने. वर्षाकाठी तो बाराएक अंश पुढे जातो आणि त्यातले जवळपास सात अंश असे तीनदा चालतो. म्हणून निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचं आवर्तन तीन खेपांचं असतं, बाकीच्यांचं एकाच खेपेत उरकतं.

मावसबहिणीच्या मोबाइलमधलं अ‍ॅप या मुलीचा शनी मीनेत नाही, मेषेत दाखवेल. घोटाळा नाही. पाश्चात्य ज्योतिष सायन राशी धरतं, आपली पंचांगं निरयण, आणि दोन्हींत आज सुमारे चोवीस अंशांचा फरक आहे. पण इथे ग्रह आपल्याच जुन्या जागी येतोय, तेव्हा रास कोणतीही म्हणा, तारीख फार हलत नाही. एकोणतीस वर्षांत हा फरक, म्हणजे अयनांश, जेमतेम पंचवीस कलांनी, अर्ध्या अंशाहूनही कमी वाढतो, त्यामुळे दोन्ही गणितांत चार-पाच दिवसांचा फरक पडतो.

साडेसाती आणि आवर्तन एकत्र येतच नाहीत असंही नाही. ज्यांचा जन्मशनी चंद्राच्याच राशीत, किंवा तिच्या मागच्या वा पुढच्या राशीत असतो, त्यांना दोन्ही एकदमच भोगावं लागतं. बारा राशींपैकी या तीन, म्हणजे ढोबळ मानाने चौघांत एक. आत्याने ज्या भाचीचं उदाहरण मनात धरलं असेल, ती बहुधा या चौथ्यांतली.

आता जुळणं आणि तुटणं, दोन्ही एकाच ग्रहाच्या खात्यात का. शनीकडे काळ, मर्यादा, कष्ट, विलंब आणि जबाबदारी ही खाती आहेत. तो उच्चीचा होतो तुळेत, जी कालपुरुषाच्या कुंडलीत सप्तमाची, म्हणजे जोडीदाराची रास. त्याला दिग्बळही सप्तम स्थानातच मिळतं. म्हणजे परंपरेच्या आतूनच तो करार, बांधिलकी, ‘शब्द दिला तो दिला’ यांचा ग्रह ठरतो. त्याच वेळी रवी आणि राहूप्रमाणे तो विलग करणाऱ्या ग्रहांतही मोजला जातो. पाश्चात्य ज्योतिषी या दोन्ही बाजू एका वाक्यात बांधतात : शनी पाया तपासतो, पक्का असेल त्यावर घर उभं राहतं, कच्चा असेल ते पडतं. तीन खेपाही ते असंच वाचतात. पहिल्या खेपेला प्रश्न उभा राहतो, वक्री असताना फेरविचार, तिसऱ्या खेपेला निकाल.

आपल्या कर्क लग्नाच्या मुलीत हे फारच नेमकं दिसतं. कर्क लग्नाला मकर सप्तमात आणि कुंभ अष्टमात, आणि दोन्ही राशींचा स्वामी शनी. जोडीदाराच्या घराचा मालक तोच आणि अडथळ्याच्या, विच्छेदाच्या घराचा मालकही तोच. लग्न ठरलं तर ज्योतिषी म्हणेल, सप्तमेश भाग्यात आपल्या मूळ जागेवर आला. मोडलं तर म्हणेल, अष्टमेशच तो. सिंह लग्नालाही शनी सप्तमेश होतो, पण अष्टमेश नाही. मेष लग्नाला तोच दशम आणि लाभ या स्थानांचा स्वामी, तिथे जुन्या पद्धतीचा ज्योतिषी आवर्तनावरून नोकरी-धंद्याचं बोलेल, लग्नाचं काढणारही नाही. सरसकट सगळ्यांना ‘एकोणतिशीत नातं ठरणार नाहीतर तुटणार’ असं सांगणं हे त्यामुळे आपल्या शास्त्राच्या हिशेबातही बसत नाही.

माझ्या मते खरी मेख आहे लग्नाच्या वयात. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं किमान वय चौदा ठरवलं, १९७८ मध्ये ते अठरा झालं. चौदा-पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहिलेली बाई पहिल्या आवर्तनाला पोहोचेपर्यंत तीन-चार लेकरांची आई असायची, सासूच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेली असायची. तिच्या बाबतीत हा योग लग्नाशी जोडायचं कुणाला सुचणारच नव्हतं. आपल्याकडे लग्नकाळ पाहतात तो सप्तमेशाच्या दशेवरून आणि गुरुबळावरून. चंद्रापासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा किंवा अकरावा गुरू असला की गुरुबळ आलं. धंतोलीत कुणाकडे पत्रिका घेऊन गेलेली आई आजही पहिला प्रश्न ‘गुरुबळ कधी आहे?’ हाच टाकते, जन्मशनीचा अंश विचारत नाही. आवर्तनाचं नातं बांधिलकीशी जुळलं ते विसाव्या शतकातल्या पाश्चात्य शहरांत, जिथे माणसं शिकून, कमावून, दोन-चार वर्षं एकत्र राहून मग तिशीच्या उंबरठ्यावर ‘पुढे काय?’ विचारत होती. आता नागपूरच्या मुली पुण्या-बेंगळुरूला तशाच जगतात, म्हणून तो शब्द त्यांना आपलासा वाटतो.

पण मग शनी कशाचं कारण आणि वय कशाचं, हे वेगळं करायची सोयच उरत नाही. एका इयत्तेतल्या पोरी साधारण एकाच वर्षात जन्मलेल्या. म्हणजे त्या सगळ्यांचं आवर्तनही दीड-दोन वर्षांच्या आतबाहेर येतं, आणि त्याच दोन वर्षांत घरचे स्थळं दाखवतात, घरमालक अ‍ॅग्रीमेंट मागतो, मित्राची बदली होते. जुळलं तरी शनी, तुटलं तरी शनी. ज्यांचं ना जुळलं ना तुटलं, त्यांचा कुणी हिशेबच मांडत नाही.

शिवाय पट्टा ताणायची सवय. नेमका अंश धरला तर आपल्या मुलीला तीन तारखा मिळतात, फार तर प्रत्येक तारखेच्या आगेमागे दोन-तीन आठवडे. ‘शनी जन्मशनीच्या राशीत असेपर्यंत’ म्हटलं की तीन तारखांची अडीच वर्षं होतात. ‘सत्तावीस ते एकतीस’ म्हटलं की चार वर्षं, आणि त्या वयात चार वर्षांत नात्याचं काहीच घडलं नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. मावसबहिणीला विचारून बघा की तिचा जन्मशनी किती अंशांवर आहे आणि तुटलं ते कोणत्या महिन्यात. या दोन गोष्टी तिला सांगता आल्या तर निदान आवर्तनाबद्दल बोलता येईल. नाही आल्या, तर ती एकोणतीस वर्षांची आहे एवढंच आपल्याला कळलं.