गोळ्या कोण खातं, हे गटात विचारू नकोस

तुझ्या अभ्यासाचा आराखडा वाचला. गरोदर बायका लोहाच्या गोळ्या 180 दिवस का घेत नाहीत, हे तू गटचर्चेत विचारणार आहेस. तिथेच गडबड होईल. गटात बाई गावाला मान्य असलेलंच बोलते. आमच्या एका गटात सुना आणि सासवा एकत्र बसल्या होत्या. "सगळ्याच घेतात," असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढे त्यातल्याच एका सुनेची एकटीची मुलाखत घेतली. ती म्हणाली, "सासूबाई म्हणतात, बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल. मी गोळी पदरात लपवते, मग फेकते."

म्हणून गटात "इथे लोक गोळ्यांबद्दल काय बोलतात?" एवढंच विचार. सहा ते आठ जणी पुरेत, पण सुनांचा गट वेगळा, सासवांचा वेगळा. स्वतःचा अनुभव मुलाखतीतच विचार, आणि सासू घरात नसेल ती वेळ साध. आशाताईंना गटात बसवू नकोस, कारण गोळ्या वाटण्याचं काम त्यांचंच असतं.

विश्लेषणात नवखे हमखास चुकतात. थीम म्हणजे मुलाखतींतून निघणारा समान अर्थ. "गोळ्या न घेण्याची कारणे" हा थीम नव्हे, तो तुझाच प्रश्न आहे. वरच्या सुनेच्या बोलण्याला "बाळ मोठं होण्याची भीती", "लपवून फेकणे" असे कोड, म्हणजे छोटी नावं, दे. इतर मुलाखतींतही तेच दिसलं, तर "नकार उघड न देता घरातली शांतता राखणे" असा थीम उभा राहतो. मग त्या थीममध्ये न बसणारी मुलाखत मुद्दाम शोध. आम्हाला सासूच आठवणीने गोळी देते असं एक घर सापडलं, आणि थीम बदलावा लागला.