माझा टीएसएच थोडा वाढलेला आहे. औषध सुरू करण्याआधी केल्प किंवा सी मॉसच्या गोळ्या घेऊन बघू का?

घेऊ नका.

टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन, ग्रंथी मंदावली की तो वाढतो. तो थोडा वर असलेल्या माणसालाच केल्पसारख्या समुद्री शेवाळाच्या गोळ्या सगळ्यात जास्त नडतात, आणि नेमक्या त्यालाच त्या सुचवल्या जातात. मला माझ्या ताईने सुचवल्या होत्या. केस गळत होते, अंगात मरगळ होती. ताई म्हणाली, "थायरॉईडला आयोडीन कमी पडतंय. औषधाच्या मागे लागू नकोस, ही समुद्रातली वनस्पती आहे, अपाय तर काही नाही." वर्षभरापूर्वीचा माझा टीएसएच ४.१ होता, म्हणजे काठावरचा. मी केल्पच्या दोन गोळ्या रोज सुरू केल्या.

पहिला महिना बरा गेला. तिसऱ्या महिन्यात पोट साफ होईना, सकाळी चेहरा सुजलेला असायचा, आवाज घोगरा झाला, सगळ्यांना उकडत असताना मला थंडी वाजायची. केस आधीपेक्षा जास्त गळायला लागले. ताईने सांगितलं की शरीराला सवय होतेय, तीन घे. मी तीन घेतल्या. पुढच्या तपासणीत टीएसएच ३८ आला आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉईड स्वतः बनवते तो हार्मोन, खाली गेलेला.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" मी म्हटलं, "काहीच नाही." मी खोटं बोलत नव्हते. केल्प हे माझ्या लेखी औषधच नव्हतं. त्यांनी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, लिहून दिलं आणि ही गोळी आता जन्मभर घ्यावी लागेल म्हणाले. ते ऐकून मी हादरले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते हार्मोन्सच्या आजारांचे तज्ज्ञ होते. त्यांनी विचारलं, "घरात ज्या ज्या बाटल्या आहेत, जीवनसत्त्वांच्या, केसांच्या, ताकदीच्या, त्या सगळ्या घेऊन या." केल्पची बाटली हातात घेतल्यावर त्यांनी बाकीच्या बाजूला सारल्या.

बाटलीवर लिहिलं होतं, "केल्प ५०० मिलिग्रॅम". हे वाळवलेल्या शेवाळाचं वजन झालं. त्यात आयोडीन किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. दोन गोळ्या म्हणजे बरोबर एक ग्रॅम केल्प. एका ग्रॅम केल्पमध्ये काही शे मायक्रोग्रॅमपासून ८००० मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडीन मोजलं गेलेलं आहे. शेवाळाची जात कोणती, कुठल्या पाण्यात वाढलं, कधी कापलं, कसं वाळवलं, यावर ते ठरतं. म्हणजे दोन गोळ्यांतून मला गरजेच्या दुप्पट मिळत असेल किंवा पन्नासपट, आणि पुढच्या बाटलीत आकडा वेगळाच. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१३ साली सांगून ठेवलं आहे की दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आयोडीन पोटात जाईल अशा केल्पच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या घेऊ नयेत. बाटलीवर आकडाच नसेल तर माणसाने हे पाळायचं कसं?

माझ्या लघवीतलं आयोडीन तपासलं. लिटरला १९०० मायक्रोग्रॅम. ३०० च्या वर गेलं की जास्त समजतात. रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटी-टीपीओ अँटिबॉडीजही सापडल्या, म्हणजे मूळचा हाशिमोटो होता, शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार, तोपर्यंत गप्प बसलेला.

आयोडीन जास्त झाल्यावर ग्रंथी मंद का होते, हे त्यांनी समजावलं तेव्हा मला पटलं. आयोडीनचा लोंढा आला की थायरॉईड हार्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते. याला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात, १९४८ पासून माहीत आहे. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत ओढण्याचं प्रमाणच कमी करते आणि काम पुन्हा सुरू होतं. हाशिमोटो असलेल्या ग्रंथीला पुष्कळदा हे जमत नाही. लोंढा चालू राहतो आणि काम बंदच राहतं. रक्तातलं टी-४ अर्धं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे त्रास लगेच जाणवत नाही. माझा पहिला महिना म्हणूनच बरा गेला होता, आणि त्याच महिन्यामुळे मी पुढचे दोन महिने गोळ्यांवर संशय घेतला नाही.

गोळ्या बंद केल्या. हृदयविकार नाही, गरोदर नाही, हे पाहून डॉक्टरांनी थायरॉक्सिन न देता सहा आठवडे थांबायचं ठरवलं. सहा आठवड्यांनी टीएसएच ११ पर्यंत उतरला. आणखी सहा आठवड्यांनी ४.४. हार्मोनची एकही गोळी न घेता.

ताई अजून म्हणते, "तुझा आजार आधीचाच होता, केल्पचा काय दोष?" अँटिबॉडीज आधीच्या होत्या, हे मला मान्य आहे. पण ग्रंथी चालत होती. गोळ्या सुरू झाल्यावर ती बंद पडली आणि गोळ्या थांबवल्यावर पुन्हा चालू लागली. यापेक्षा वेगळा पुरावा मी कुठून आणू? तिचा दुसरा मुद्दा जपानचा असतो, की तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्री शेवाळ खातात. खातात, आणि त्याच जपानच्या होक्काइदो बेटावर, किनाऱ्यावर राहून कोंबू नावाचं केल्प भरपूर खाणाऱ्या लोकांमध्ये जास्तीच्या आयोडीनमुळे गलगंड झाल्याची नोंद १९६० च्या दशकातली आहे. "नैसर्गिक" म्हटल्याने मात्रा मोजायची गरज संपत नाही. हे मी तिला अनेकदा सांगितलं आहे, आता इथेही लिहून ठेवते.

सी मॉसबद्दल थोडं. ते तांबडं शेवाळ आहे आणि त्यात आयोडीन बहुधा केल्पपेक्षा बरंच कमी असतं. पण त्या नावाने वेगवेगळ्या जाती विकल्या जातात आणि पुष्कळ गोळ्यांत सोबत ब्लॅडररॅक घातलेलं असतं. ते केल्पसारखंच तपकिरी शेवाळ, आयोडीनने भरलेलं. मागची बारीक अक्षरं वाचा.

तुमचा टीएसएच नेमका किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा, सोबत फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ करून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी ते किती दिवस बंद ठेवायचं हे प्रयोगशाळेला विचारा, काही पद्धतींत त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो.

आणि एक, जे मी आधीच लिहायला हवं होतं. आयोडीनची खरी कमतरता असू शकते आणि तिथे आयोडीन द्यावंच लागतं, पण मोजून, आणि आयोडीनयुक्त मीठ रोज खाणाऱ्याला ती सहसा नसते. ज्यांच्या थायरॉईडमध्ये जुन्या गाठी आहेत त्यांचं उलटही होऊ शकतं: आयोडीन मिळताच गाठी बेसुमार हार्मोन बनवतात, छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं. वयस्क माणसाच्या हृदयाला ते झेपत नाही. माझं औषधाविना निभावलं म्हणून तुम्ही लिहून दिलेलं थायरॉक्सिन स्वतःहून टाळू किंवा थांबवू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर सहा आठवडे वाट पाहणं तुमच्यासाठी नाही, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, आणि गोळ्या घ्यायला सुरुवात केली असेल तर बाटली सोबत न्या.