टेलेक्स रिलीज देण्याआधी हा मेल पाठवा

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझा मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. जर्मनीच्या एका कंपनीची पंपाच्या फ्लँजेसची ६०,००० युरोची ऑर्डर आहे, सीआयएफ हॅम्बुर्ग, दोन सारख्या लॉटमध्ये. मी मेलवर लिहिलं होतं, ‘३० टक्के ॲडव्हान्स, बाकी अगेन्स्ट डॉक्युमेंट्स, दुसरा लॉट पहिल्यानंतर ३० दिवसांत.’ त्यांचं ‘ॲग्रीड’ आलं, १८,००० युरोही आले. पहिला कंटेनर न्हावा शेवाहून सुटून ९ दिवस झाले. आता ते म्हणतात, कागदांचं स्कॅन मिळालं, टेलेक्स रिलीज द्या, पैसे आमच्या पॉलिसीप्रमाणे ३० दिवसांनी. घाईत मी ‘नोटेड’ असं उत्तर दिलं. फसलो का? दुसरा लॉट थांबवू का?

उत्तर : अजून फसलेला नाहीत. पण आधी एक काम करा. बिल ऑफ लेडिंगच्या तिन्ही मूळ प्रती फाइलमधून काढून समोर ठेवा आणि ‘कन्साइनी’च्या चौकटीत काय छापलंय ते वाचा. तिथे ‘टू ऑर्डर’ असेल तर माल ताब्यात घेण्याचा हक्क त्या कागदाबरोबर फिरतो, आणि कागद तुमच्याकडे आहे. तिथे थेट खरेदीदाराचं नाव असेल तर तुमची पकड बरीच सैल आहे. मग आजच फॉरवर्डरला फोन करून कन्साइनी बदलता येतो का ते विचारा. बदलासाठी जहाजाची लाइन सहसा तिन्ही मूळ प्रती परत मागते, म्हणून त्या हातच्या जाऊ देऊ नका.

बिलावर बारीक अक्षरात एक ओळ असते. तिचा अर्थ असा, की तीनपैकी एका प्रतीवर माल दिला गेला की उरलेल्या दोन रद्द. माझ्या एका अशिलाने ‘कस्टम्सला दाखवायला एकच प्रत हवी’ या विनंतीवर एक प्रत कुरियर केली होती. उरलेल्या दोन प्रती त्याने मला दाखवायला आणल्या तेव्हा माल केव्हाच उचलला गेला होता. टेलेक्स रिलीज म्हणजे तर तिन्ही प्रती लाइनला परत करून ‘आता कागदाशिवाय माल द्या’ असं सांगणं. ते एकदा झालं की मागे घेता येत नाही.

आता तुमचा मेल. मेलवर करार होत नाही असं अजूनही अनेकांना वाटतं. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या व्यवहारात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ई-मेलवरचा प्रस्ताव आणि होकार हा पक्का करार मानला. तेव्हा तुमचा करार आहे, दुबळी आहे ती त्यातली भाषा. ‘अगेन्स्ट डॉक्युमेंट्स’ म्हणजे कोणते कागद, मूळ की स्कॅन, कोणाच्या हातून, आणि पैसे आधी की नंतर, यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाहीत. व्यापारात याचा सरळ अर्थ डी/पी : तुमची बँक मूळ कागद त्यांच्या बँकेकडे पाठवते, ते पैसे भरतात, मग कागद मिळतात. ते मागतायत ते त्याहूनही वाईट. डी/ए मध्ये कागद उधारीवर देतात, पण निदान हुंडीवर सही करून घेतात. इथे सहीही नाही, नुसती पॉलिसी.

‘नोटेड’ म्हणजे ‘वाचलं’, होकार नव्हे. होकार निःसंदिग्ध लागतो. पण त्यानंतर टेलेक्स रिलीज दिलात तर तुमची कृतीच होकार ठरेल आणि ३० दिवसांची उधारी करारात शिरेल. म्हणून मेल आधी.

माल विक्री कायदा १९३० च्या कलम २५ चा तुम्हाला इथे उपयोग आहे. बिल ऑफ लेडिंग विक्रेत्याच्या ऑर्डरवर असेल तर त्याने मालावरचा हक्क राखून ठेवला असं प्रथमदर्शनी धरलं जातं. हुंडीबरोबर बिल पाठवलं आणि खरेदीदाराने पैसे भरले नाहीत, तर बिल परत करायला तो बांधील आहे.

दुसऱ्या लॉटचं प्रकरण नाजूक आहे, कारण तुमच्या मेलमध्ये ३० दिवसांची मुदत पहिल्या लॉटच्या पैशांना बांधलेलीच नाही. कलम ३८ सांगतं, की हप्त्याहप्त्याने माल द्यायचा असेल आणि एका हप्त्याचे पैसे थकले, तर त्याने सगळा करार मोडला की तेवढीच भरपाई मागायची, हे त्या त्या करारावर आणि परिस्थितीवर ठरतं. म्हणजे गुपचूप डिस्पॅच थांबवलात तर उलट तेच उशिराचा दावा लावतील. उत्पादन चालू ठेवा, माल पॅक करा, पण कंटेनर गेटबाहेर काढण्याआधी अट लेखी घाला. मेल इंग्रजीत जाईल, आशय असा :

‘माझं “नोटेड” ही फक्त आपला मेल मिळाल्याची पोच होती. पेमेंटच्या अटीत बदल मान्य केलेला नाही. “अगेन्स्ट डॉक्युमेंट्स” म्हणजे बँकेमार्फत मूळ कागदांवर, बघताक्षणी पेमेंट. पहिल्या लॉटची रक्कम ३०,००० युरो, त्यातून ॲडव्हान्सचे ९,००० वजा, बाकी २१,०००. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, विम्याचं प्रमाणपत्र, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आणि बिल ऑफ लेडिंगच्या तिन्ही मूळ प्रती आमची बँक या आठवड्यात आपल्या बँकेकडे पाठवत आहे. कृपया बँकेचं नाव व स्विफ्ट कोड कळवा. कागद बँकेतून निघण्याआधीच २१,००० जमा केलेत, तर रक्कम आमच्या खात्यात आल्यावर त्याच दिवशी टेलेक्स रिलीज देऊ. दुसरा लॉट वेळेत तयार होईल. पहिल्या लॉटचं पेमेंट आल्यापासून ५ दिवसांत तो रवाना होईल. ही दुरुस्ती मान्य असल्याचं उत्तर द्यावं.’

शेवटचं वाक्य सोडू नका. दुसऱ्या लॉटची अट नवी आहे, त्यांच्या होकाराशिवाय ती फक्त तुमची इच्छा आहे. ‘जहाज पोचेल आणि डेमरेज लागेल’ अशी भीती ते घालतील. तांबड्या समुद्राऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला हॅम्बुर्गला महिन्याच्या वर लागतो, आणि बँकेचं कुरियर आठवड्याभरात पोचतं. घाई मालाला नाही, त्यांच्या रोकडीला आहे.

तसंही निर्यातीचे कागद २१ दिवसांत तुमच्या बँकेत द्यावे लागतात, ९ गेलेच आहेत. कव्हरिंग लेटरवर ‘डी/पी ॲट साइट’ स्वतः टाइप करा, क्लार्कवर सोडू नका.

डी/पी मध्येही बँक पैशांची हमी देत नाही. खरेदीदार कागद सोडवायला गेलाच नाही तर माल हॅम्बुर्गच्या धक्क्यावर पडून राहील, आणि लाइन डेमरेजसाठी शिपर म्हणून तुमच्याकडेही येऊ शकते. त्या वेळी पहिल्या लॉटचे ९,००० युरो ही तुमची उशी. परतीचं भाडं किंवा युरोपात दुसरा गिऱ्हाईक शोधताना द्यावी लागणारी सूट त्यातून निघते का, हा हिशेब फॉरवर्डरबरोबर आत्ताच करा. ईसीजीसीची पॉलिसी असेल तर थकबाकी कळवण्याची मुदत त्यात लिहिलेली असते, तीही पाहा.

वाद झाला तर कुठला कायदा, हेही तुमच्या मेलमध्ये नाही. वर सांगितलेली कलमं भारतीय कायद्याची आहेत आणि जर्मन वकील ती लागूच नाहीत म्हणेल. पुढच्या ऑर्डरच्या मेलमध्ये भारतीय कायदा आणि मुंबईत लवाद, या दोन ओळी घाला. पुण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन जर्मनीत वसुली करणं सोपं नाही. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली तिथे अंमलात आणता येतो, दोन्ही देश त्यात आहेत.

मेल खरेदी विभागाला एकट्याला पाठवू नका, त्यांच्या अकाउंट्सला आणि ज्याने ‘ॲग्रीड’ लिहिलं त्यालाही कॉपी करा. त्याच साखळीत उत्तर द्या, नवा मेल सुरू करू नका. उद्या कोर्टात तीच साखळी दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून हे मेल ज्या कॉम्प्युटरवर आहेत तो इतक्यात भंगारात देऊ नका.