स्लोव्हेनियन द्विवचन कुठे निसटतं

प्रश्न: स्लोव्हेनियन शिकतेय. 'दोन भाऊ' नीट म्हणते, पण बोलता बोलता पुन्हा अनेकवचनावर जाते. उलट हात-पाय-डोळ्यांना आठवणीने द्विवचन लावलं, तर शिक्षिका ते खोडतात. नेमकं कुठे लावायचं?

उत्तर: 'द्वा ब्राता' (दोन भाऊ) सहसा कुणाचं चुकत नाही, कारण 'द्वा' हा आकडा शेजारीच उभा असतो. घोटाळा होतो पुढच्या वाक्यात. तिथे आकडा नसतो, कर्ताही बहुधा गाळलेला असतो, आणि उरतं ते फक्त क्रियापद. मराठीत 'ते आले' दोघांनाही चालतं आणि दहांनाही, म्हणून जीभ सरळ अनेकवचनाकडे वळते. तेव्हा नामांचे तक्ते थोडे बाजूला ठेवा आणि 'असणे' या क्रियापदाची रूपं पक्की करा.

शाळेत संस्कृत केलं असेल तर हे काम अर्धं झालेलं आहे. संस्कृतात 'आम्ही दोघे आहोत' म्हणजे स्वः, 'आम्ही सगळे आहोत' म्हणजे स्मः. स्लोव्हेनियनमध्ये तेच स्वा आणि स्मो. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, आणि हा व-म चा फरक दोघींनी जपलाय. इतर क्रियापदांतही तो दिसतो: देलावा म्हणजे आपण दोघं काम करतो, देलामो म्हणजे आपण सगळे. संस्कृतात 'तुम्ही दोघे' ला स्थः आणि 'ते दोघे' ला स्तः अशी वेगळी रूपं आहेत. स्लोव्हेनियनमध्ये दोन्हींना एकच, स्ता. अनेकवचनात मात्र 'तुम्ही' ला स्ते आणि 'ते' ला सो.

भूतकाळात हेच छोटे शब्द मदतीला येतात, कारण मुख्य क्रियापदाचं रूप फसवं असतं. एक प्रसंग घ्या. आना ही बाई आणि मार्को हा पुरुष आले: 'आना इन मार्को स्ता प्रिश्ला'. दोघं जेवले: 'येद्ला स्ता'. मग माया आली: 'पोतेम ये प्रिश्ला माया'. मग सगळे निघून गेले: 'व्सी सो ओद्श्ली'. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातलं 'प्रिश्ला' ऐकायला एकच आहे. पहिल्यात ते पुल्लिंगी द्विवचन आहे (पुरुष आणि बाई एकत्र आले की पुल्लिंग लागतं), तिसऱ्यात स्त्रीलिंगी एकवचन. फरक सांगतात ते फक्त 'स्ता' आणि 'ये'. आता मार्कोऐवजी सुरुवातीलाच माया असती, तर 'आना इन माया स्ता प्रिश्ली' झालं असतं, आणि हे 'प्रिश्ली' पुन्हा पुल्लिंगी अनेकवचनासारखंच दिसतं. म्हणून वाक्य जुळवताना आधी स्ता की सो ते ठरवा, शेवट त्यामागून येईल.

सराव असाच करा: दोन माणसांची गोष्ट सांगायची, पण पहिल्या वाक्यानंतर 'दोन' किंवा 'दोघं' हा शब्द काढायचा नाही. मध्येच तिसरं माणूस आणायचं, थोड्या वेळाने एकाला घालवायचं. प्रत्येक येण्या-जाण्याला क्रियापद बदललं का, ते रेकॉर्ड करून ऐका. बोलताना न जाणवलेला 'सो' ऐकताना लगेच खटकतो. नुसत्या 'दोन टेबलं, दोन पुस्तकं' अशा याद्या घोकून ही सवय लागत नाही.

आता हात-पाय. इथे तुमच्या शिक्षिका बरोबर आहेत, आणि इथे संस्कृतच आड येतं. संस्कृतात नेत्रे, पादौ असं द्विवचन सहज येतं. स्लोव्हेनियनमध्ये मुळातच जोडीने असणाऱ्या गोष्टींना, म्हणजे डोळे, हात, पाय, बूट, आईवडील यांना साध्या बोलण्यात अनेकवचनच वापरतात. पाय दुखतात: 'नोगे मे बोलियो'. पण दोन्हीवर मुद्दाम भर दिला की द्विवचन परत येतं: 'ओबे नोगी मे बोलिता', म्हणजे दोन्ही पाय दुखतात. आईवडिलांचंही तसंच: 'स्तार्शी सो दोमा', पण 'ओबा स्तार्शा स्ता दोमा'. मराठी वाक्यात 'दोन' किंवा 'दोन्ही' म्हणावंसं वाटतंय का, ही कसोटी या जोड्यांपुरती चांगली चालते. माणसांना आणि इतर वस्तूंना ती लावू नका. तिथे दोन असले की द्विवचन, शब्द उच्चारा अथवा नका उच्चारू.

विभक्त्यांची फार धास्ती घेऊ नका. षष्ठी आणि सप्तमीत नामाचं द्विवचन अनेकवचनासारखंच असतं, तेव्हा तिथे चुकायला जागाच नाही. आकड्यांत एक गंमत आहे: 102 भावांनाही द्विवचनच लागतं, 'स्तो द्वा ब्राता', कारण शेवटी 'द्वा' ऐकू येतो. 22 ला ते लागत नाही, कारण तो आकडा 'द्वाइन्द्वाय्सेत', म्हणजे दोन-आणि-वीस असा बोलतात, शेवटी वीस येतात आणि नाम 'ब्रातोव' होतं.