प्रोस्टेटचं इंजेक्शन चालू असताना डेक्सा करायची का?

प्रश्न: वडील 71 वर्षांचे, प्रोस्टेट कॅन्सरसाठी टेस्टोस्टेरॉन कमी करायचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालू आहे. पायातली ताकद गेलीय, खुर्चीतून उठताना त्रास होतो. बोन स्कॅन नॉर्मल आलाय, तरी हाडांची टेस्ट करायची गरज आहे का?

हो, करा, आणि पुढच्या इंजेक्शनची वाट न बघता करा. बोन स्कॅन नॉर्मल म्हणजे हाडं मजबूत असं नसतं, आम्ही नेमके इथेच फसलो. त्यात कॅन्सर हाडात पसरलाय का ते बघतात, हाड किती विरळ झालंय ते डेक्सामध्ये कळतं. दोन्ही टेस्ट पूर्ण वेगळ्या.

माझ्या बाबांना हेच इंजेक्शन चालू होतं. सात-आठ महिन्यांत पँट ढिली व्हायला लागली, मांड्या बारीक झाल्या, पण वजन जवळपास तेवढंच, कारण स्नायू कमी होऊन पोटावर चरबी चढत होती. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर द्यायचे. आम्ही म्हणायचो वय झालं. मग एक दिवस पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली आणि मणका दबला. त्यांची उंची दाराच्या चौकटीला लावून मोजली तर दीड इंच कमी भरली. तोपर्यंत डेक्साचं नाव आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे होतं असं, की पुरुषांच्या शरीरात थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि हाडांची झीज रोखायचं बरंचसं काम ते इस्ट्रोजेन करतं. इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपतं, मग इस्ट्रोजेनही पडतं, जुनं हाड झपाट्याने झिजतं आणि नवीन तेवढं भरत नाही. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या वर्षात होतं, म्हणून खरं तर डेक्सा इंजेक्शन सुरू होतानाच करायची असते. तुमची राहिली असेल तर आता करा.

टेस्ट सोपी आहे, झोपून पंधरा-वीस मिनिटं, सुई नाही, उपाशी राहायचं नाही, फक्त आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका आणि नुकताच कॉन्ट्रास्टचा सीटी झाला असेल तर आधी सांगा. फुकट शिबिरात टाचेवर मशीन लावून जे सांगतात त्यावर थांबू नका. कमरेचा मणका आणि खुबा दोन्ही करून घ्या. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघा, तरुण निरोगी माणसाच्या हाडापेक्षा आपलं हाड किती विरळ ते तो आकडा सांगतो. बाबांचा मणक्याचा टी-स्कोअर -1.3 होता, म्हणजे फार काळजी नाही असं वाटलं असतं, पण खुब्याचा -2.8 निघाला. -2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. म्हातारपणी मणक्याला जास्तीची हाडं वाढलेली असतात, दबलेला मणकाही दाट दिसतो, त्यामुळे मणक्याचा आकडा खोटा चांगला येतो. मणका, पूर्ण खुबा आणि खुब्याची मान, या तीन आकड्यांतला सगळ्यात खालचा धरायचा.

पाठ अचानक दुखायला लागली तर मात्र डेक्सावर थांबू नका, एक्सरे-एमआरआय करून हे कॅन्सरमुळे तर नाही ना ते आधी बघायला लागतं. पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

टेस्टोस्टेरॉन परत देणं हा तुमच्या वडिलांसाठी पर्याय नाही, ते कमी ठेवणं हाच उपचार आहे. बाबांना हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन वर्षातून एकदा दिलं, त्याआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी तपासलं आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरायला त्रास होऊ शकतो. काहींना डेनोसुमॅब देतात, दर सहा महिन्यांनी, ते मनाने बंद करू नका किंवा लांबवू नका, हाड परत वेगाने विरळ होतं आणि मणके मोडू शकतात.

स्नायूंसाठी नुसतं चालणं पुरत नाही. फिजिओने बाबांना हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून, दोनदा-तीनदा, मग हळूहळू दहा वेळा. वाकून जड उचलणं बंद.

कॅन्सर नसलेल्या कुणी हे वाचत असेल तर, एकदा टेस्टोस्टेरॉन कमी आलं म्हणून लगेच डेक्साला पळू नका, सकाळी 8 ते 10 मध्ये वेगळ्या दिवशी परत तपासा. दोन्हीदा खरंच कमी असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर डेक्सा करणं योग्य. सत्तरीनंतर तर टेस्टोस्टेरॉन कितीही असो, एकदा करावीच.

तुमच्या वडिलांची पुढची डेक्सा साधारण एक-दोन वर्षांनी करतील, ती त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत. तोवर बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घ्या, आम्ही मणका दबल्यावर लावली.