ओटोस्कोपच्या फोटोत दिसतंय ते मळ आहे की इन्फेक्शन?

प्रश्न: मुलगा १२ वर्षांचा. सुटीत मामाच्या शेतातल्या विहिरीत रोज पोहायचा. आता उजवा कान ठणकतोय, कमी ऐकू येतं. ऑनलाइन घेतलेल्या कॅमेऱ्याने कानाचा फोटो काढला, सोबत जोडलाय. पिवळट मळ दिसतो. तेल टाकून काढू का?

उत्तर: तेल टाकू नका आणि त्या कॅमेऱ्याची काडी परत आत घालू नका. मी जळगावात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो; उन्हाळ्यात विहिरी पोरांनी गजबजल्या की ‘कान दुखस’ म्हणत असे पेशंट येतातच.

फोटोत रंगापेक्षा नळीची कातडी बघा. मळ कितीही साचला तरी त्याच्या कडेची कातडी सहसा फिकट आणि कोरडी असते. तुमच्या फोटोत ती लाल, ओलसर आहे आणि सुजून नळीची नुसती फट उरलीय. पिवळट दिसतंय तो बहुधा पू आणि सुटलेली कातडी. म्हणजे हे बाहेरच्या नळीचं इन्फेक्शन वाटतं. सारखं पाणी गेलं की कातडी फुगते, मळाचा राखणारा थर धुऊन जातो, त्यात कोणी काडीने खाजवलं की जंतूंचं फावतं.

आता एक करून बघा. कानाच्या भोकापुढचा छोटा टणक उंचवटा हलकेच दाबा, मग कान जरासा ओढा. पोरगं कळवळलं तर दुखणं नळीचंच समजा. मधल्या कानाच्या इन्फेक्शनमध्ये सहसा असं होत नाही. त्यात आधी सर्दी होऊन गेलेली असते, बऱ्याचदा ताप असतो. नळी ठीक दिसते, पण एरवी मोतिया-राखाडी असणारा पडदा लाल-पिवळा होऊन फुगलेला असतो. (नुसता लाल पडदा बघून घाबरू नका, रडणाऱ्या लेकराचाही होतो.) कधी तो फुगलेला पडदा फुटतो, पू येतो आणि ठणका एकदम उतरतो, घरच्यांना वाटतं, बरं झालं. नुसत्या मळाने कान गच्च होतो, अंघोळीनंतर मळ फुगून ऐकू येईनासं होतं, पण असा ठणका क्वचितच.

तुमच्या फोटोत पडदा दिसतच नाही, खरी अडचण ती. त्याला भोक आहे की नाही हे कळल्याशिवाय मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्सही नकोत. त्यातली काही औषधं भोकातून आत गेली तर आतल्या कानाला इजा करू शकतात. शिवाय आत काळे ठिपके असलेला ओल्या कागदासारखा लगदा असेल तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं.

एक-दोन दिवसांत दाखवून घ्या. डॉक्टर सक्शनने नळी साफ करतील, सूज फार असेल तर औषधाची वात ठेवतील आणि साधारण आठवडाभर ड्रॉप्स देतील. तोवर दुखण्याला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा, विहीर बंद. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, चक्कर आली किंवा तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी निघा. घरात डायबेटिस असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान असा ठणकला, तरी वाट बघू नका.