'सामंत' शोधून सामंत सापडत नाहीत: पुस्तकाची सूची कशी होते

प्रश्न: माझं साडेतीनशे पानांचं इतिहासाचं पुस्तक छपाईला चाललंय. प्रकाशक म्हणतात, शेवटी सूची हवी. शब्दांची यादी तर कॉम्प्युटर आपोआप काढतो, मग सूचीकाराला पैसे कशाला द्यायचे?

यादी काढून बघा, पण छापू नका. का, ते एका नोंदीवरून सांगतो. समजा, पुस्तक मुंबईच्या १९८२च्या गिरणी संपावर आहे (पुढचे पृष्ठांक मी उदाहरणापुरते घातलेत).

त्या संपाचे नेते दत्ता सामंत. 'सामंत' हा शब्द दिला की कॉम्प्युटर तो जिथे जिथे दिसेल ती सगळी पानं गोळा करतो. नावापुढे साठ आकडे. वाचकाने त्यातलं कुठलं पान उघडायचं? कित्येक ठिकाणी नाव नुसतं ओझरतं असतं: "सामंतांच्या सभेला निघालो तेव्हा लोकल बंद होत्या." हे वाक्य लोकलबद्दल आहे. उलट कामगारांच्या मुलाखतींचं अख्खं प्रकरण यादीतून गळतं, कारण तिथे सगळे "डॉक्टर म्हणाले", "डॉक्टरांनी सांगितलं" असंच बोलतात. सामंत पेशाने डॉक्टरच होते. त्या प्रकरणातले डॉक्टर कोण, हे वाचणाऱ्यालाच कळतं.

त्यात आपली मराठी. 'पुणे' शोधलं तर 'पुण्यात', 'पुण्याहून' हाती लागत नाही, कारण त्यात 'पुणे' ही अक्षरंच नाहीत. बरं, शब्दाच्या नुसत्या सुरुवातीवरून शोधायला सांगावं, तर 'संप'बरोबर 'संपला', 'संपर्क' आणि 'संपत्ती'ही येते.

सूचीकार हातात घेतो ते पानं पक्की झालेलं शेवटचं प्रूफ. आधी एकदा सलग वाचायचं, पुस्तकाचा भर कशावर आहे ते कळण्यासाठी. मग खुणा करत दुसरं वाचन. दर परिच्छेदाला विचारायचं: काय शोधणारा माणूस इथे यायला हवा, आणि तो कुठल्या शब्दाने शोधेल? एका पानावर लेखक नुसतं लिहितो, "मान्यता दुसऱ्याच युनियनकडे होती, त्यामुळे बोलणी तिच्याशीच." इथे संघटनेचं नावही नाही, कायद्याचंही नाही. तरी हे पान 'राष्ट्रीय मिल मजदूर संघ' आणि 'मुंबई औद्योगिक संबंध कायदा (१९४६)' या दोन्ही नोंदींखाली गेलंच पाहिजे, कारण गिरण्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्या कायद्याने त्या संघाकडे होता आणि झगडा त्यावरूनही होता. कुठलंही शब्दशोधन हे पान काढून देणार नाही.

अशा कच्च्या नोंदींचा ढीग झाला की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे संपादन. एका नोंदीपुढे सहा-सात आकडे झाले की मी ती फोडतो. मग सामंतांची नोंद अशी दिसते:

सामंत, दत्ता
– नेतृत्व कसं आलं, ६१–६५
– १९४६च्या कायद्याला विरोध, ८८–९४
– कामगारांच्या आठवणींत, २०१–२०९
– लोकसभेत, २३१–२३३
– हत्या (१९९७), २६०–२६२
हेही पहा: राष्ट्रीय मिल मजदूर संघ

उपनोंदी इथे अकारविल्हे लावलेल्या नाहीत. माणसाच्या नोंदीत घटनाक्रम ठेवलेला मला बरा वाटतो. '८८–९४' याचा अर्थ सात पानं सलग तीच चर्चा आहे. '८८, ९१, ९४' असतं तर तीन सुटे उल्लेख. कॉम्प्युटरच्या यादीत हा फरक राहत नाही.

एकच गोष्ट लेखक कधी 'बेकारी' म्हणतो, कधी 'घरी बसणं', कधी 'गावी परतणं'. यातलं कुठलं एकत्र करायचं आणि कुठलं वेगळं ठेवायचं, हे ठरवून बाकीच्यांना 'पहा' लावायचं. 'संप' या नोंदीखाली तर जवळजवळ काहीच ठेवायचं नाही. सगळं पुस्तकच संपाचं आहे.

सॉफ्टवेअर आम्हीही वापरतो, पण ते नोंदी लावायला आणि आकडे तपासायला. निवड करायला नाही. लावतानाही लक्ष ठेवावं लागतं. साध्या युनिकोड क्रमात 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. मराठी क्रम निवडला नसेल तर 'काळबादेवी' 'कावसजी'च्या आधी जाऊन बसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

साडेतीनशे पानांना साधारण दहा ते पंधरा पानं सूचीसाठी राखून ठेवा, आणि कामाला पंधरवडा तरी द्या. प्रूफ सूचीकाराकडे गेलं की मजकुरात भर घालू नका. १२०व्या पानावर एक परिच्छेद वाढवलात आणि मजकूर पुढे सरकला, तर तिथून पुढचा प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा लागेल.